कागद बरोबर होता

कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा वार्षिक कार्यक्रम. सभागृहात दीडशेच्या आसपास माणसं, दोन ज्येष्ठ सभासदांचा सत्कार, नंतर वडा आणि चहा. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई ४९ वर्षांच्या. नोकरी एका कंपनीच्या हिशेब खात्यात, पण परिसरात त्यांची ओळख आवाजाची आणि शुद्ध बोलण्याची. गेली अकरा वर्षं गणपती, कोजागरी, निरोप समारंभ, सगळीकडे माइक त्यांच्याकडे. इथे त्यांना ताई म्हणते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दुसऱ्या सत्कारमूर्तींची ओळख करून देताना ताईंनी वाचलं, "आज सरांच्या पत्नी हयात असत्या, तर त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले असते." सरांच्या पत्नी दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून बसल्या होत्या. क्षणभर शांतता झाली. मग त्या आजीच म्हणाल्या, "अहो, आहे मी अजून!" आणि जो हशा पिकला तो थांबेचना. ताई माइकवर म्हणाल्या, "माफ करा हं, मला दिलेल्या कागदावर तसंच लिहिलं होतं." कार्यक्रम पुढे सरकला. रात्री संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या प्रसंगाची छोटी चित्रफीत आली, तिच्याखाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

पाचव्या दिवशी ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. तोवर त्यांनी वेताळ टेकडीवरचं सकाळचं फिरणं बंद केलं होतं, कारण संघाची मंडळी तिथेच भेटतात. त्या सभागृहाची गल्ली टाळून कामावर जात होत्या. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि ती चित्रफीत डोक्यात सुरू व्हायची, दर वेळी थोडी वाढीव. पहिल्या दिवशी आठवणीत लोक हसत होते, पाचव्या दिवशी ते बोट दाखवून हसत होते. प्रत्यक्ष चित्रफितीत कुणीही बोट दाखवलेलं नाही, मी ती पाहिली. लाजिरवाण्या प्रसंगानंतर मन असंच करतं. प्रसंग पुन्हा पुन्हा चालवतं आणि प्रत्येक फेरीत स्वतःला थोडं जास्त हास्यास्पद करून दाखवतं.

पहिल्या भेटीतली पंचेचाळीस मिनिटं जवळजवळ सगळी हशावर गेली. कोण हसलं, कोण किती वेळ हसलं, अध्यक्षांनी रुमाल कसा तोंडावर धरला. कागदाचा उल्लेख एकदाच आला, तोही घाईत, "कागदावरच चूक होती म्हणा" असा. मी तो टिपून ठेवला, पण त्यावर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी बचाव केला असता, आणि एकदा माझ्यासमोर बचाव केला की पुढे तोच जपत बसावा लागला असता.

मी त्यांना पत्र लिहायला सुचवलं. स्वतःलाच, आणि न पाठवायचं. ही स्वकरुणेची रीत, पण तो शब्द मी मुद्दाम उशिरा काढला, कारण मराठी कानाला तो 'स्वतःची कीव' असा ऐकू येतो. तसंच झालं. ताई म्हणाल्या, "म्हणजे चूक करायची आणि वर आपलेच लाड करायचे? आमच्या आईने कान उपटला असता." आक्षेप रास्त आहे, आणि या सगळ्या प्रकरणाचा कणाही तोच आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वकरुणेची जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत. जे घडलं ते ना फुगवता ना दडपता पाहणं. असं माणसांचं होत असतं, आपण काही जगावेगळे नाही, हे ध्यानात घेणं. आणि जिवलग माणसाशी बोलू त्या सुरात स्वतःशी बोलणं. २००७ मध्ये मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःच्या एखाद्या अप्रिय प्रसंगाबद्दल या तीन अंगांनी लिहायला लावलं. असं लिहिणाऱ्यांना त्रास कमी झाला, पण प्रसंगातला आपला वाटा मात्र त्यांनी नाकारला नाही. ताईंना मी एवढंच सांगितलं की लाड आणि हे यांत फरक आहे, आणि तो फरक कागदावर दिसतो. दिसला नाही तर पत्र फाडून टाकू.

सुरुवात पत्राने केली नाही. आधी पंचनामा लिहायचा: सहा-सात ओळी, एकही विशेषण नाही, 'लोकांना वाटलं असेल' असलं काही नाही. पोलीस लिहितात तसं. "सायंकाळी पावणेसातच्या सुमारास मी दुसऱ्या सत्कारमूर्तींच्या पत्नी हयात नसल्याचं वाक्य वाचलं. त्या हजर होत्या. त्यांनी त्या असल्याचं सांगितलं. लोक हसले. मी माफी मागितली. कार्यक्रम पुढे चालू राहिला." ताईंना हे लिहायला वीस मिनिटं लागली आणि तीनदा 'भयंकर' हा शब्द खोडावा लागला. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढंच झालं?" एवढंच नव्हतं. पंचनाम्यात एक वाक्य कमी होतं, पण ते त्यांना तेव्हा दिसलं नाही.

मग घरी जाऊन पत्र. हाताने, वीस मिनिटांत, एका बैठकीत.

पहिला मसुदा घेऊन आल्या तो पाहून मला हसू आवरेना, आणि सुदैवाने त्याही हसल्या. हिशेब खात्यातलं पत्र होतं ते. "आपणांकडून घडलेली चूक अक्षम्य असून, यापुढे आपण सूत्रसंचालनाची जबाबदारी स्वीकारू नये." स्वतःला 'आपण' म्हणणारं, तारीख टाकलेलं. मराठीत हे सहज घडतं. आपल्याकडे माणसाला दूर ठेवायला सर्वनाम पुरतं. मी फक्त एक अट घातली, पुढचा मसुदा 'तू'मध्ये. धाकट्या बहिणीला 'अगं' म्हणतो तसा. स्वतःला 'मी' म्हणण्याऐवजी नावाने किंवा 'तू' म्हणून हाक मारली की माणूस स्वतःच्या प्रसंगाकडे जरा अंतरावरून पाहू शकतो, हे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण मराठी 'तू'ला त्यापलीकडे आणखी एक गुण आहे, त्यात माया आणि दटावणी दोन्ही मावतात.

दुसरा मसुदा 'तू'मध्ये आला आणि नेमका दुसऱ्या टोकाला गेला. त्यातला हा भाग:

"अगं, कशाला एवढं मनाला लावून घेतेस? सगळ्यांच्याच हातून असं होतं. गडबड होती, आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत कार्डं लिहिणं चाललं होतं, त्यात घोटाळा झाला. कागदावरच तसं आलं होतं. हसणाऱ्यांपैकी एकाला तरी माइक धरता येतो का? दोन दिवसांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

वाचायला गोड आहे, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. मीही कधीकाळी इथे थांबू देत असे. यात गडबड काय आहे ते ताईंना भाषण देऊन सांगण्यापेक्षा मी त्यांना पेन्सिल दिली. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, आणि ती क्रिया कुणी केली ते बाजूला लिहा.

लाड ओळखायची माझी हीच एक खूण आहे, आणि ती मराठीतच इतकी चांगली चालते. आपली भाषा कर्त्याला फार सोयीने लपवते. चूक 'होते', घोटाळा 'होतो', बोलणं 'निघून जातं', विचारायचं 'राहून जातं'. इतरांच्या बाबतीत मात्र कर्ता लगेच हजर होतो, ते 'हसले', त्याने 'लिहिलं', तिने 'पाठवलं'. लाड करणाऱ्या पत्रात आपली सगळी क्रियापदं होण्याची असतात आणि दुसऱ्यांची करण्याची.

ताईंनी रेघा मारायला सुरुवात केली. 'कार्डं लिहिणं चाललं होतं', बाजूला 'मी'. 'घोटाळा झाला', बाजूला जरा थांबून 'मी'. 'कागदावर तसं आलं होतं' इथे पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. मग त्या म्हणाल्या, "कागद बरोबर होता."

हकिगत अशी. संघाच्या कार्यालयात मदत करणाऱ्या एका कॉलेजातल्या मुलाने दोन्ही सत्कारमूर्तींची माहिती दोन वेगवेगळ्या कागदांवर टाइप करून दिली होती. पहिल्या गृहस्थांच्या पत्नी वारल्या आहेत, दुसऱ्यांच्या हयात. आदल्या दिवशी त्याने फोन करून सांगितलंही होतं, "काकू, दोघांची आडनावं सारखी आहेत, कागद नीट पाहून घ्या." ताई त्याला "हो रे, माहितीय मला" म्हणाल्या होत्या. रात्री दोन्ही कागदांवरून कार्डं तयार करताना त्यांनी एक परिच्छेद चुकीच्या कार्डावर उतरवला. आणि दुसऱ्या दिवशी माइकवर, दीडशे लोकांसमोर, दोष कागदाला दिला. म्हणजे त्या मुलाला. कार्यक्रम संपल्यावर सचिवांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. ताई तिथेच, खुर्च्यांच्या पलीकडे, उभ्या होत्या.

हे सांगताना त्या खूप रडल्या, हशाबद्दल बोलताना रडल्या नव्हत्या तशा. असं होतं. घट्ट मिटलेल्या माणसाला जरा मऊपणाने हात लावला की आधी दुखणंच वर येतं. त्या दिवशी लिहिणं आम्ही तिथेच थांबवलं.

आता पाहा, पाच दिवस त्यांचं मन कशावर अडकलं होतं? हशावर. हशा ही फजिती होती, तिच्यात कुणाचं नुकसान करण्याचा भाग नव्हता. खरं देणं वेगळंच होतं, शांत, कुणाच्याही मोबाइलमध्ये न सापडणारं. फजितीचा आवाज इतका मोठा असतो की त्याखाली अपराधाची कुजबुज ऐकू येत नाही. रागाने स्वतःला झोडपलं तर माणूस फजितीलाच झोडपतो, आणि लाड केले तर दोन्ही एकाच पांघरुणाखाली झाकतो. ताईंच्या पहिल्या कडक मसुद्यातही त्या मुलाचा उल्लेख नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कडकपणा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. ज्युलियाना ब्रेन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत, स्वतःच्या हातून घडलेल्या अन्यायाबद्दल करुणेने लिहिणाऱ्यांमध्ये भरपाई करण्याची इच्छा जास्त दिसली. कारण सरळ आहे. कबूल केल्यावर आपलं सगळंच मोडीत निघणार नाही असा भरवसा असेल, तरच माणूस कबूल करतो.

चार दिवसांनी तिसरा मसुदा आला. तो जसाच्या तसा देते.

"अगं,

तू त्या संध्याकाळी सरांच्या पत्नींना हयात असताना दिवंगत केलंस. हे वाचताना आत्ताही तुझे कान तापले, तापू देत. दीडशे माणसं हसली आणि ती हसणारच होती, तू खुर्चीत असतीस तर तूही हसली असतीस. मागे एका लग्नात भटजींनी नवऱ्याचं नाव चुकवलं तेव्हा तू किती हसली होतीस, आठवतं ना? भटजी पुढचं लग्न लावायला गेलेच.

आवाज हे तुझं भूषण आहे, म्हणून तिथेच लागलं की जास्त लागतं. रात्री झोप येत नाही याचं मला वाईट वाटतं. आजी स्वतःच हसल्या, म्हणजे त्यांनी मनावर घेतलेलं नाही. तूही तेवढं सोड.

पण दुसरी गोष्ट सोडू नकोस. कागद बरोबर होता. त्या मुलाने फोन करून सांगितलं होतं आणि तू त्याला झटकलंस, कारण अकरा वर्षांनंतर तुला कुणी शिकवलेलं आवडत नाही. मग तू घाबरलीस आणि जो हाताशी होता त्याच्यावर ढकललंस. घाबरलेलं माणूस असं करतं, हे मला समजतं. पण सचिव त्याला बोलत होते तेव्हा तू घाबरलेली नव्हतीस. तेव्हा तू गप्प राहिलीस. ते तू केलंस.

तू वाईट बाई नाहीस. तुझ्यावर एक देणं आहे. ते या रविवारच्या आत फेड. आधी त्याला भेट, मग ग्रुपवर लिही. ग्रुपवर रडगाणं नको, दोन ओळी पुरेत. आणि यापुढे कार्डं लिहून झाली की ज्याने माहिती दिली त्याला फोनवर वाचून दाखव, तो विशीतला असला तरी.

सोमवारी टेकडीवर जा. हसतील बहुतेक. चालायला काय, पाय चालतात.

तुझीच"

क्रियापदं पाहिली तर 'तू' जिथे हवा तिथे आहे. झटकलंस, ढकललंस, गप्प राहिलीस. आणि तरीही सूर मारण्याचा नाही. मला सर्वांत मोलाचं वाटलं ते, घाबरून केलेलं आणि घाबरलेलं नसताना केलेलं त्यांनी वेगळं काढलं ते. पहिल्याला समजूत मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. 'माणसाचं असं होतं' हे वाक्य कुठवर लागू करायचं, याची सीमा त्यांनी स्वतःच आखली. भटजींचं उदाहरणही चपखल, कारण ते त्यांच्या स्वतःच्या आठवणीतलं आहे. 'सगळ्यांच्याच हातून चुका होतात' या मोघम वाक्याने कुणाचा जीव हलका होत नाही.

दुसऱ्या मसुद्यातलं 'कुणाच्या लक्षातही राहणार नाही' हे वाक्य मी काढायला सांगितलं होतं. स्पॉटलाइट इफेक्ट, म्हणजे लोकांचं आपल्याकडे असतं त्याहून जास्त लक्ष आहे असं वाटणं, ही गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांना तो दिसला असेल असं घालणाऱ्यांना वाटलं, प्रत्यक्षात जवळपास चौथ्या भागालाच दिसला होता. अभ्यास चांगला आहे, पण इथे तो उपयोगाचा नाही. इथे सगळ्यांनीच पाहिलं होतं आणि वर चित्रफीत होती. शिवाय हे कोथरूड. इथे २० वर्षांपूर्वी कुणाच्या मुंजीत जिलबी कमी पडली तेही लक्षात असतं. खोटा दिलासा ताईंना पहिल्याच सकाळी टेकडीवर कळला असता आणि मग पत्रातल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडाला असता.

देणं फेडण्याचा प्रसंग काही हृद्य वगैरे झाला नाही. त्या मुलाला त्यांनी एका अमृततुल्यमध्ये बोलावलं, चूक आपली होती असं सरळ सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे काकू," आणि मोबाइल पाहायला लागला. ताईंना वाटलं होतं तो तरी काही बोलेल. मी त्यांना विचारलं, तो काही बोलावा म्हणून गेला होतात का? त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "थोडीशी." ग्रुपवर शनिवारी रात्री दोन ओळी गेल्या: "परवाच्या कार्यक्रमात दिलेला कागद बरोबर होता. चूक माझ्या कार्डाची होती, मी ती दुसऱ्यावर ढकलली." एक-दोघांनी अंगठा दाखवला, सचिवांनी काहीच लिहिलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ते त्या मुलाला म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे."

साडेतीनची जाग लगेच गेली नाही. आठवड्यातून दोनदा येत राहिली, पण आता चित्रफितीत हशा उरला होता, बोटं गेली होती. जाग महिनाभरानंतरही रोज येत राहिली असती, खाणं सुटलं असतं, नको ते विचार आले असते, तर पत्रावर विसंबून राहिले नसते, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आणि समोरचा माणूस मुद्दाम अपमान करणारा असता, ताईंची चूकच नसती, तर असं पत्र उलट घातक ठरलं असतं. नसलेला वाटा शोधायला लावलं असतं त्याने.

माझीही एक चूक नोंदवते. तिसऱ्या मसुद्यात एक वाक्य होतं, 'आजी स्वतःच हसल्या, म्हणजे त्यांनी मनावर घेतलेलं नाही.' क्रियापदं तपासण्याच्या नादात मी ते सोडून दिलं, कारण त्यातली क्रिया आजींची होती. तीन आठवड्यांनी ताई त्यांच्या घरी जाऊन आल्या. आजींनी चहा केला, वड्या दिल्या, सगळं छान. निघताना दारात सर हळूच म्हणाले, "हसली खरी ती. पण त्या रात्री जेवली नाही. मागच्या वर्षीच मोठं ऑपरेशन झालंय तिचं."

ताई पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'आजी हसल्या. का, ते तू विचारलं नाहीस.' मग पुढची ओळ, 'तूही तेवढं सोड', ती ठेवायची की खोडायची यावर आम्ही बराच वेळ बोललो. ती ओळ अजून तशीच आहे, पेन्सिलीने कंसात.